नेता गेल्यावर काय उरतं?

गेल्या १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी संपल्यावर आम्ही सातआठ जण चहाच्या टपरीवर थांबलो होतो. शेजारी एक काका बसले होते. सत्तरीच्या पुढचे असावेत, दंडावरची काळी फीत अजून सोडलेली नव्हती. गर्दीकडे बघत ते म्हणाले, "पोरांनो, गर्दी आहे, खरं तसा नेता राहिला नाही आता. आमच्या वेळी एक हाक दिली की गाव बंद व्हायचं."

आमच्यातल्या एकानं लगेच री ओढली, "होय की ओ काका, एक खमक्या नेता पाहिजे, बाकी सगळं आपोआप होतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्याच आठवड्यात वर्गात माक्स वेबर शिकवला जात होता. सत्तेचे तीन प्रकार, प्रत्येकी पाच गुण, परीक्षेला हमखास प्रश्न. तो भाग मी आधीही पाठ केला होता. यावेळी वाचताना मात्र टपरीवरचं ते वाक्य मधेमधे येत राहिलं. काका ज्याबद्दल हळहळत होते त्याचंच विश्लेषण या जर्मन माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय, आणि त्याचं उत्तर "खमक्या नेता पाहिजे" एवढंच नाही, हे लक्षात आलं. म्हणून हा लेख.

आधी वेबरचा प्रश्न समजून घेऊ. एखाद्याच्या हातात काठी आहे म्हणून आपण त्याचं ऐकतो, ती झाली नुसती ताकद. पण जगातली कुठलीही सत्ता फक्त काठीवर फार दिवस चालत नाही, कारण प्रत्येक माणसामागे एक शिपाई उभा करता येत नाही. बहुतेक लोक बहुतेक वेळा आपणहून ऐकतात, कारण "याला सांगायचा हक्क आहे" हे त्यांना कुठेतरी पटलेलं असतं. या पटण्यालाच राज्यशास्त्रात अधिमान्यता म्हणतात. वेबर विचारतो, हे पटतं कशामुळे?

त्याची उत्तरं तीन. पहिलं, परंपरा. हे असंच चालत आलंय, वाडवडिलांनी यांनाच मानलं, म्हणून आपणही मानायचं. दुसरं, करिष्मा. या माणसात काहीतरी असामान्य आहे, हा आपल्याला तारून नेईल, म्हणून त्याच्या शब्दाखातर उभं राहायचं. तिसरं, कायदा. इथे आपण माणसाला मानत नाही, पदाला मानतो. रीतसर केलेला नियम आहे, त्या नियमानं नेमलेला अधिकारी आहे आणि त्याचा हुकूम त्याच्या अधिकाराच्या कक्षेत आहे, म्हणून पाळायचा.

हे विचार वेबरनं विद्यार्थ्यांसमोरही मांडले होते. जानेवारी १९१९, म्युनिक शहर. दोनअडीच महिन्यांपूर्वीच जर्मनीचा कैसर पदच्युत झाला होता, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राजेशाही एका आठवड्यात कोसळली होती. म्युनिकमध्ये कुर्ट आयस्नर नावाचा पत्रकार क्रांती करून सत्तेवर बसला होता. नोव्हेंबरात लोक त्याच्यामागे रस्त्यावर आले, पण जानेवारीतल्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचा धुव्वा उडाला. फेब्रुवारीत तो राजीनामा द्यायला निघाला असताना वाटेत त्याला गोळी घातली गेली. समोर बसलेल्या पोरांनी परंपरा पडताना पाहिली होती, करिष्मा चढताना आणि उतरताना पाहत होती, आणि नव्या प्रजासत्ताकाची घटना अजून लिहायची होती. त्यामुळे वेबरचे तीन प्रकार म्हणजे नुसती पुस्तकी वर्गवारी नव्हती.

हे तीन प्रकार शुद्ध स्वरूपात कुठेच सापडत नाहीत, हे वेबरनंच सांगितलंय. प्रत्येक राजवटीत तिन्हींचं मिश्रण असतं. मग ओळखायचं कसं? मला दोन खुणा सगळ्यात उपयोगी वाटल्या. पहिली, सत्ताधाऱ्याचे सहकारी कोण आहेत ते बघायचं. करिष्म्याभोवती सवंगडी असतात, जिवाला जीव देणारे, पण पगार आणि पदं ठरलेली नसतात. परंपरेभोवती घराणी असतात, बापाचं काम मुलाकडे जातं. कायद्याभोवती नोकरदार असतात, नेमलेले, पगारी, बदली होणारे. दुसरी खूण म्हणजे तो माणूस बाजूला काढून बघायचं. तो नसताना काय चालू राहतं आणि काय बंद पडतं?

या दोन खुणा घेऊन आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या एका इतिहासाकडे पुन्हा बघू.

शिवाजी महाराजांनी कामाला सुरुवात केली तेव्हा तिन्हींपैकी कुठली शिदोरी त्यांच्याजवळ होती? कायद्यानं बघितलं तर ते आदिलशाही सरदाराचे चिरंजीव होते, वडिलांच्या जहागिरीचा कारभार बघणारे. परंपरेनं बघितलं तर आसपासची जुनी देशमुख घराणी स्वतःला त्यांच्याहून कमी समजत नव्हती. जावळीचे मोरे तर पिढीजात "चंद्रराव" किताब मिरवत होते. १६५६ साली जावळी घ्यावी लागली ती लढूनच, मोऱ्यांनी आपणहून मान तुकवली नव्हती. म्हणजे सुरुवातीला जे होतं ते मावळातल्या माणसांचा महाराजांवरचा विश्वास. त्या काळात तानाजी किंवा बाजीप्रभू कुठल्या पदाच्या नियमासाठी मरत नव्हते. ते एका माणसासाठी आणि त्या माणसानं दाखवलेल्या स्वप्नासाठी मरत होते. वेबरच्या भाषेत हाच करिष्मा. बाजारी अर्थानं "छाप पाडणं" म्हणतात, ते हे नाही.

करिष्म्याची एक जाचक अट असते, तो सारखा सिद्ध करावा लागतो. परंपरेचा राजा लढाई हरला तरी राजाच राहतो. करिष्म्याचा नेता हरत गेला तर लोकांना शंका येऊ लागते. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, हाती १२ उरले. पुढच्या वर्षी आग्र्याला जावं लागलं आणि तिथे नजरकैद झाली. निव्वळ करिष्म्यावर उभं असलेलं राज्य इथेच विरघळायला हवं होतं. नेता शेकडो कोसांवर शत्रूच्या पहाऱ्यात, परत येईल की नाही याची खात्री नाही.

ते विरघळलं नाही. काही महिने महाराज नसताना उरलेल्या मुलखाचा कारभार जिजाऊसाहेब आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हातून सुरू राहिला. आपण आग्र्याची गोष्ट सांगताना पेटाऱ्यांवरच थांबतो. सुटका विलक्षण होतीच, खरं राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याहून विलक्षण वाटावी अशी गोष्ट राजगडावर घडत होती. माणूस बाजूला काढून बघायची आपली दुसरी खूण इथे नियतीनंच लावून बघितली, आणि राज्य त्यात उत्तीर्ण झालं. म्हणजे १६६६ पर्यंतच सत्ता एका व्यक्तीकडून हळूहळू व्यवस्थेकडे सरकायला लागली होती.

आता पहिली खूण, सहकारी. महाराजांचं धोरण असं होतं की अधिकाऱ्यांना आणि शिपायांना शक्यतो रोख पगार द्यायचा, जमिनी तोडून द्यायच्या नाहीत आणि मोठी पदं वंशपरंपरेनं द्यायची नाहीत. किल्ल्यावर एकाच्या हाती सगळी सूत्रं ठेवायची नाहीत. हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्यात काम वाटलेलं, एकाचं दुसऱ्यावर लक्ष. सतराव्या शतकात आधुनिक नोकरशाही होती असं मी म्हणत नाही. राज्यघटना नव्हती, कायदा राजाच्या वरचा नव्हता. पण सहकारी सवंगड्यांकडून नोकरदारांकडे जाण्याची दिशा स्पष्ट दिसते.

मग ६ जून १६७४ ला राज्याभिषेक कशाला? किल्ले होते, फौज होती, खजिना होता, लोक मानत होते. तरी तो प्रचंड खर्च आणि खटाटोप कशासाठी? लहानपणापासून मला हा सोहळा विजयाचा जल्लोष वाटायचा. वेबर वाचल्यावर कळलं की तो एका अडचणीवरचा इलाज होता. करिष्मा वारशानं देता येत नाही. कर्तृत्व मुलाच्या नावावर करून देणारं दस्तऐवज नसतं. शिवाय बाहेरच्यांच्या लेखी महाराज अजून बंडखोर जहागीरदारच होते. अशा माणसानं दिलेल्या जमिनीच्या सनदेला किंवा त्याच्याशी झालेल्या तहाला उद्या काय किंमत? आणि सिंहासनच नसेल तर देशमुखांनी आपल्यातल्याच एकाला मुजरा का करायचा?

म्हणून काशीहून गागाभट्ट आले. अभिषेकाआधी महाराजांची मुंज लावण्यात आली, राण्यांशी वैदिक पद्धतीनं पुन्हा विवाहविधी झाले. ज्यानं एवढं राज्य उभं केलं त्याला वयाच्या चाळिशीनंतर मुंज लावून घ्यावी लागली, हे वाचून आपल्याला आज टोचतं, आणि टोचायलाच पाहिजे. परंपरेची मान्यता फुकट मिळत नाही. ती देणारे जे कोणी असतात ते आपल्या अटी घालतात. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरी गोसावींच्या हातून तांत्रिक पद्धतीनं दुसरा अभिषेकही झाला. एका परंपरेचा शिक्का मारल्यावर दुसरी परंपरा मानणाऱ्यांचं समाधान राहिलं होतं, तेही केलं गेलं.

या सोहळ्याबरोबर आणखी काही गोष्टी झाल्या. राज्याभिषेक शक सुरू झाला. महाराजांच्या नावाचे सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया पाडल्या. अष्टप्रधानांना संस्कृत पदनामं मिळाली, फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता आणि त्याच्याशी तह झाला. हे सगळं एकत्र बघितलं की चित्र लागतं. करिष्म्यानं जे कमावलं ते एका बाजूनं परंपरेच्या आणि दुसऱ्या बाजूनं पदं, नाणी आणि कागदांच्या साच्यात ओतायचं काम चाललं होतं. या ओतण्याला वेबर करिष्म्याचं नित्यीकरण म्हणतो. रोजच्या व्यवहारात मुरवणं, असं आपण म्हणू. अभिषेकानंतर सहा वर्षांत महाराज गेले, त्यामुळे हे काम किती वेळेत झालं हे आता आपल्याला कळतं.

पुढे काय झालं? १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले, राजाराम महाराज दूर जिंजीला. राजधानी नाही, सिंहासन नाही, खजिना नाही. तरी लढा १७०७ पर्यंत, औरंगजेब मरेपर्यंत चालला. राज्याची कल्पना लोकांच्या मनात मुरली नसती तर हे झालं नसतं.

पण या टिकण्याची किंमत मोजावी लागली. सरदारांना रोख पगार द्यायला पैसे नव्हते आणि तिकडून औरंगजेब वतनांची आमिषं दाखवत होता. मग इकडूनही वतनं आणि सरंजाम देणं भाग पडलं. जिंकाल तो मुलूख तुमचा. लढाई तगली, पण सहकाऱ्यांचा प्रकार बदलला. नोकरदारांची पुन्हा घराणी झाली. पुढे कोल्हापूरच्या गादीकडच्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांपासून सावध राहायला बजावलं ते उगाच नाही, त्यांनी हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं.

१७०७ साली शाहू महाराज कैदेतून सुटून आले. त्यांच्याजवळ तेव्हा ना फौज होती, ना पराक्रमाची कीर्ती. अठरा वर्षं कैदेत गेलेली. समोर ताराराणी, जिनं प्रत्यक्ष लढून राज्य सांभाळलं होतं. करिष्म्याचा निकष लावला तर गादी कुणाची हे सांगायला नको. तरीही धनाजी जाधवांसारखा सेनापती शाहूंच्या बाजूला गेला, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. कारण ते थोरल्या शाखेचे वारस होते. ताराराणींच्या बाजूनं हा शाहू खरा नसून तोतया आहे अशी शंका उठवली गेली, यातच सगळं आलं. वाद "अधिक लायक कोण" हा राहिलाच नव्हता, "रक्त खरं की खोटं" हा झाला होता. सत्ता करिष्म्याकडून परंपरेकडे गेल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

परंपरेची ताकद केवढी असते हे बघायचं तर १७७४ साल घ्या. नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. पेशवेपदासाठी एका बाजूला रघुनाथराव, ज्यांच्या फौजा अटकेपर्यंत जाऊन आल्या होत्या. दुसऱ्या बाजूला नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर झालेला मुलगा. तो चाळीस दिवसांचा झाला तेव्हा बारभाईंनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणून त्याच्या नावे ती दिली. पाळण्यातलं मूल मराठी राज्याचं मुख्य प्रधान झालं आणि अनुभवी सेनानी इंग्रजांच्या आश्रयाला गेला! यात दुसरीही गोष्ट बघा. वस्त्रं कुठून आणली? साताऱ्याच्या छत्रपतींकडून, ज्यांच्या हाती त्यावेळी प्रत्यक्ष सत्ता काहीच उरली नव्हती. सगळी ताकद पुण्यात, पण "हक्क" साताऱ्यात. ताकद आणि अधिमान्यता या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

हे एका परक्या माणसाला नीट कळलं होतं. फेब्रुवारी १८१८ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं साताऱ्यातून जाहीरनामा काढला, की पेशव्यांचं राज्य संपलं, पण साताऱ्याच्या राजाला स्वतंत्र मुलूख दिला जाईल. दुसऱ्या बाजीरावाला तोफांनी हरवता येत होतं. लोकांच्या मनातला हक्क मात्र तोफांनी हरत नाही, म्हणून त्यानं तो हक्कच आपल्या बाजूला उभा केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपला बेळगावचा किल्लाही मन्रोच्या सैन्यानं घेतला. गादीवर बसवलेल्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनीनंच पदच्युत केलं. त्यांचे वकील रंगो बापूजी न्याय मागायला थेट लंडनला गेले आणि पुढची बारातेरा वर्षं तिथे अर्ज करत, माणसांना भेटत राहिले. तोवर, १८४८ मध्ये, साताऱ्याचं राज्य खालसा झालंसुद्धा. परंपरेचा हक्क हाती असलेला माणूस आता कायद्याच्या दारात उभा होता, आणि तो कायदा ज्यांचा होता तेच त्याचे प्रतिवादी होते.

रंगो बापूजींबद्दल वाचताना मला घर आठवलं, हे कबूल करतो. कारण आपणही त्याच दारात उभे आहोत.

आपल्या प्रश्नाची मांडणी बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला संसदेच्या कायद्यानं आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं. वृद्ध क्रांतिकारक, अंगावर त्यागाचं वलय, म्हणजे पुन्हा करिष्मा. त्यातून काय मिळालं? आयोग. देशाचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा. १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, बेळगाव कर्नाटकातच ठेवावं असं त्यानं सांगितलं आणि महाराष्ट्रानं तो फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्रानं घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. म्हणजे आपल्या लढ्यातही करिष्म्यानं दार ठोठावलं, पण दार उघडल्यावर आत बसलेला होता तो कायदाच.

इथे एक गोष्ट आपल्याला स्वतःलाही विचारायला हवी. महाजन अहवाल आपल्याला मान्य नाही, मग न्यायालयाचा निकाल आपण मान्य करणार का? माझं उत्तर असं. कायद्याची अधिमान्यता निकाल आपल्या बाजूनं लागला यावर उभी नसते. निकष आधी सांगितलेले होते का, ते सगळ्यांना सारखे लावले का, यावर ती उभी असते. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा हे निकष आपण मागतो, आणि ते बेळगाव शहराला एक व इतर गावांना दुसरे लावू नका एवढंच म्हणतो. अहवालावरचा आपला आक्षेप या भाषेत मांडला तर तो कायद्याच्या आतला आक्षेप होतो. नुसतं "आम्हाला मान्य नाही" म्हटलं तर आपणच कायद्याबाहेर जाऊन उभे राहतो. पहिली भाषा न्यायालयाला ऐकावी लागते, दुसरीचं ऐकणं त्याच्यावर बंधनकारक नाही.

कायद्याचं राज्य आहे असं म्हणताना ते खरंच आहे का, हे ओळखायचीही खूण आहे. मागे मी एका कार्यालयात एका कागदाची मराठी प्रत मागायला गेलो होतो. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, असं राज्याराज्यांनी मिळून मान्य केलेलं धोरण आहे. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "मिळत नाही, वरून सांगितलंय." मी विचारलं, "सर, आदेशाचा नंबर आणि तारीख सांगता का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "साहेबांना भेटा." साहेब जाग्यावर नव्हते.

आधी मला नुसता राग आला. नंतर वाटलं, वेबरच्या वर्गातला हाच खरा तास. "वरून सांगितलंय" ही कायद्याची भाषाच नाही, ती वाड्यावरची भाषा आहे. कायद्याच्या राज्यात हुकमाला नंबर असतो, तारीख असते, सही असते, आणि सही करणाऱ्याला तो अधिकार कुठल्या नियमानं मिळाला हे दाखवता येतं. हे नसेल तर पाटी कायद्याची आणि आत मर्जी. पुढच्या खेपेला मी लेखी अर्ज दोन प्रतींत नेला, एकीवर शिक्क्यासह पोच घेतली. मराठी प्रत अजून मिळालेली नाही. पण आता माझ्याकडे तारखेचा कागद आहे आणि उत्तर न देणं ही आता त्यांची नोंदलेली चूक आहे. तोंडी नकाराला अपील नसतं, लेखी अर्जाला असतं.

आता काकांकडे परत जातो. काका, तुमच्या वेळचा नेता मोठा होता, त्यात शंका नाही. त्याच्या हाकेला गाव बंद व्हायचं. पण वेबरची दुसरी खूण लावून मी विचारतो, तो गेल्यावर काय उरलं? जिथे त्या हाकेमागून शाळा, वाचनालयं, ठरावांच्या वह्या आणि गावोगावच्या समित्या उभ्या राहिल्या, तिथे आजही काहीतरी चालू आहे. जिथे सगळं त्या एका आवाजावर होतं, तिथे आज गटबाजी आहे आणि "खरा वारस कोण" हा वाद आहे. म्हणजे आपलं १७०७ साल. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा खरा कार्यकर्ता यावर आपण भांडतोय, आणि त्या भांडणात "अधिक काम कोण करतं" हा प्रश्न मागे पडलाय.

नवा नेता आला तर मी त्याच्या फेरीत असेनच. पण त्याची वाट बघत बसणं मला पटत नाही. नेता तयार करता येत नाही, तो येतो किंवा येत नाही. आपल्या हातात आहे ते दुसरं काम. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीनं मराठीबद्दल कधी कुठले ठराव केले, त्यांच्या प्रती कुठे आहेत, गावच्या मराठी शाळेचा पट दरवर्षी किती होता, कुठल्या अर्जाला काय उत्तर आलं, याची एक फाईल. दावा निकालाला येईल तेव्हा किंवा उद्या पुन्हा एखादा आयोग नेमला जाईल तेव्हा तो आपल्याला "तुमचा नेता कोण?" असं विचारणार नाही. तो कागद मागेल.

परवा त्याच टपरीवर ते काका पुन्हा भेटले. मी फाईलचं सांगितलं. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या गावचा जुन्या ठरावाचा कागद आहे माझ्याकडं, माळ्यावर ट्रंकेत. मला आता वर चढायला जमत नाही बाबा. रविवारी येतोस काय?"

जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या.